‘रस्ता’ कुठे तुटतो? गुप्त बोलीचे खेळ आणि भाषकाचे न शिकलेले ज्ञान

भाषाशास्त्राचे एकही पुस्तक न उघडलेल्या माणसाला शब्दाची अंतर्रचना माहीत असते का, हा वाद जुना आहे. एका बाजूचे म्हणणे असे की सिलेबल, व्यंजनगट वगैरे गोष्टी या अभ्यासकांच्या सोयीच्या कल्पना आहेत आणि सामान्य भाषकाला त्यांतले जे काही समजते ते लिहिता-वाचता येऊ लागल्यावर अक्षरांच्या आधाराने समजते. दुसरी बाजू म्हणते की ही रचना भाषकाच्या मनात आधीपासून असते, फक्त ती त्याला सांगता येत नाही. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे आणि त्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगला पुरावा मुलांच्या गुप्त बोलींत आहे. शब्दाचा एखादा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा किंवा ठरावीक ध्वनी मध्येच घुसवायचा, म्हणजे मोठ्यांना काही कळू नये, असे हे खेळ जगभर खेळले जातात. मात्र हा पुरावा सरसकट वापरता येत नाही. तो कोणत्या शब्दांवर तपासला, खेळणाऱ्याला लिपी येत होती की नाही, आणि त्यातून सिलेबल सिद्ध करायचा आहे की सिलेबलच्या आतला भाग, यावर त्याचे वजन ठरते.

सिलेबल म्हणजे एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा गट. त्यात स्वराच्या आधी येणाऱ्या व्यंजनांना मी ‘आरंभ’ म्हणेन, आणि स्वर व त्यानंतरची व्यंजने मिळून होणाऱ्या भागाला ‘उर्वरित भाग’. एवढ्या तीन संज्ञा पुरतील.

खेळ हा पुरावा का ठरतो, हे इंग्रजी मुलांच्या ‘पिग लॅटिन’मध्ये सहज दिसते. शब्दाच्या सुरुवातीचा ध्वनी उचलून शेवटी न्यायचा आणि त्याला ‘ए’ जोडायचा. ‘पिग’चे ‘इगपे’ होते. हा खेळ शिकवताना कोणीही नियमाची व्याख्या देत नाही. दोन-चार सोपे शब्द करून दाखवले जातात आणि शिकणारा पुढे आपल्या मनाने चालतो. त्या सोप्या शब्दांतून निघू शकणारे नियम मात्र अनेक असतात. ‘पहिला ध्वनी हलवा’ हाही नियम ‘पिग’ला लागू पडतो, आणि ‘पहिल्या स्वराआधीचे सगळे हलवा’ हाही. खरा निकाल ‘स्ट्रीट’सारखा शब्द आला की लागतो. पहिला नियम पाळला तर ‘ट्रीटसे’ होईल, दुसरा पाळला तर ‘ईटस्ट्रे’. सरावलेले बहुतेक खेळाडू तीन व्यंजनांचा पूर्ण गट उचलतात, म्हणजे आरंभ हा एकसंध तुकडा मानतात. दाखवलेल्या उदाहरणांत नसलेली निवड जर बहुतेक जण सारखीच करत असतील, तर ती निवड खेळातून आलेली नाही. ती त्यांनी खेळात आणलेली आहे. या एका गोष्टीमुळे मला हा पुरावा प्रश्नावलीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

यावर पहिला आक्षेप लेखनाचा येतो. मुले अक्षरे पाहूनच हे करत असतील, असे म्हणता येते. पिग लॅटिनपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. ‘नाइफ’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिले अक्षर ‘के’ आहे, पण खेळात ‘आइफने’ असेच म्हटले जाते आणि उच्चारात नसलेला क् कुठेही अवतरत नाही. ‘वन’ या आकड्याचे स्पेलिंग स्वराने सुरू होते, तरी खेळणारा ऐकू येणारा व् उचलून ‘अनवे’ म्हणतो. म्हणजे हात कागदावर नसून आवाजावर आहे.

पण आक्षेपाचा खोलवरचा भाग एवढ्याने संपत नाही. खेळणाऱ्याच्या नजरेसमोर स्पेलिंग नसले, तरी शब्द तुकड्यांनी बनतो ही जाणीवच त्याला वर्णमालेने दिली असेल, तर काय? ही शंका हवेतली नाही. झोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचे एक व्यंजन काढून टाकायला किंवा तिथे एक व्यंजन जोडायला सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. त्याच परिस्थितीतून आलेल्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या लोकांना ते बऱ्यापैकी जमले. १९८६ साली चार्ल्स रीड आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांना चीनमध्येही असाच फरक आढळला. फक्त पारंपरिक चिनी लिपी वाचणाऱ्या प्रौढांना एकेक व्यंजन वेगळे करणे अवघड गेले आणि रोमन अक्षरांतील पिनयिन शिकलेल्यांना ते सोपे गेले. हे निष्कर्ष मी पूर्णपणे मान्य करतो. मात्र त्यांत ज्याची परीक्षा झाली ते एकेकटे व्यंजन होते. सिलेबलची गोष्ट वेगळी आहे. मोराइस यांच्याच गटाच्या पुढच्या कामात निरक्षरांनी सिलेबल गाळण्याचे आणि यमक ओळखण्याचे काम त्यामानाने बरेच चांगले केले. त्याआधी १९७४ साली इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मुलांना शब्दातल्या तुकड्यांइतके ठोके द्यायला सांगितले होते. चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांना सिलेबल मोजता आले, पण सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. सिलेबल शाळेआधी येतो आणि सुटा ध्वनी बहुतेकदा शाळेबरोबर येतो, असा याचा अर्थ मी घेतो.

मग लेखनाचा फारसा आधार नसलेल्या भाषेतला खेळ काय सांगतो? पनामाच्या किनाऱ्यावरील कुना लोकांच्या भाषेतील अशा खेळांचे वर्णन जोएल शेर्झर यांनी १९७० साली प्रसिद्ध केले. त्यातल्या एका खेळात शब्दाचा पहिला सिलेबल उचलून शेवटी ठेवायचा असतो. ‘ओसी’ म्हणजे अननस. त्याचे ‘सीओ’ होते. या उदाहरणातून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण पहिला स्वर हलवला काय किंवा पहिला सिलेबल हलवला काय, उत्तर तेच येते. महत्त्वाचे शब्द निराळे आहेत. हाताला ‘अर्कान’ म्हणतात आणि खेळात त्याचे ‘कानअर्’ होते. डोळ्याला ‘इप्या’ म्हणतात, त्याचे ‘याइप्’ होते. शब्दाच्या मध्ये दोन व्यंजने शेजारी आली, तर पहिले व्यंजन मागच्या स्वराबरोबर जाते आणि दुसरे पुढच्या स्वराचा आरंभ होते, असा निर्णय इथे घेतलेला दिसतो. ‘इन्ना’ या शब्दात तर एकच लांबलेला न् ऐकू येतो, तरी खेळात ‘नाइन्’ होते. एका लांब व्यंजनाचे दोन भाग होतात, एक अलीकडच्या सिलेबलकडे आणि एक पलीकडच्या सिलेबलकडे, हे या खेळाडूंना माहीत आहे. हा खेळ प्रामुख्याने मुले खेळत, आणि भाषा तेव्हा प्रामुख्याने तोंडी व्यवहाराचीच होती. अक्षरांनी हे शिकवले असे म्हणायला इथे जागा राहत नाही.

मराठीसाठी हा प्रश्न अधिक अवघड आणि म्हणून अधिक रंजक होतो, कारण आपली लिपी सिलेबलच्या जवळ जाते आणि नेमक्या मोक्याच्या जागी त्याच्यापासून फारकत घेते. मराठी मुलांच्या ‘च’च्या भाषेचा एक प्रकार घेऊ. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा. ‘माझे’चे ‘चझेमा’ होते, ‘नाव’चे ‘चवना’. पाहताक्षणी हा सिलेबलचा उत्तम पुरावा वाटतो. तो तसा नाही. ‘नाव’ हा शब्द आपण एका सिलेबलमध्ये उच्चारतो, कारण शेवटच्या व् नंतर स्वर उरलेला नसतो. निव्वळ उच्चारावर खेळणाऱ्याला इथे हलवायला दुसरा तुकडाच नाही. तरीही ‘ना’ आणि ‘व’ वेगळे झाले, म्हणजे खेळणारा लिहिलेल्या दोन अक्षरांवर काम करत आहे, अशी दाट शक्यता आहे. सुरुवातीची जोडाक्षरेही मदतीला येत नाहीत. ‘प्रकाश’चे ‘चकाशप्र’ झाले, तर आरंभ अखंड राहिला असे म्हणावे की लिपीत ‘प्र’ हे एकच अक्षर आहे म्हणून ते अखंड राहिले असे म्हणावे? दोन्ही वाटांनी एकच उत्तर येते.

निवाडा होतो तो शब्दाच्या मध्ये येणाऱ्या जोडाक्षरावर. ‘रस्ता’ हा शब्द लिपीत ‘र’ आणि ‘स्ता’ असा विभागतो, पण उच्चारात ‘रस्’ आणि ‘ता’ असा. लिपीवर खेळणारा ‘चस्तार’ म्हणेल, सिलेबलवर खेळणारा ‘चतारस्’ म्हणेल. दोन्ही रूपे सहज बोलता येतात, त्यामुळे जिभेच्या अडचणीने एखादे उत्तर बाद होईल अशी भीती नाही. आता याच्या शेजारी ‘तुझ्या’ हा शब्द ठेवा. लिपीच्या दृष्टीने दोन्ही शब्दांचा साचा एकच आहे, एक साधे अक्षर आणि एक जोडाक्षर. उच्चारात मात्र ‘तुझ्या’ मधला झ् मागे जात नाही. तो य् सह पुढच्या सिलेबलच्या आरंभात बसतो, तु आणि झ्या.

हा फरक मी अभ्यासकांच्या कल्पनेतून आणलेला नाही. छंद शिकताना प्रत्येक मराठी विद्यार्थी तो शिकतो. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानायचे, पण त्यावर आघात येत नसेल तर लघूच मानायचे, असा तो नियम आहे. ‘संयोगे गुरु’ हे पाणिनीचे सूत्र त्यातल्या पहिल्या भागाचे मूळ आहे. ‘रस्ता’मधला ‘र’ गुरू होतो, कारण स् मागे येऊन तो सिलेबल बंद करतो. ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघू राहतो, कारण त्याला बंद करायला मागे कोणीच येत नाही. शाळेत ज्याला आपण आघात म्हणून पाठ करतो, तो माझ्या मते जोडाक्षरातले पहिले व्यंजन कोणत्या बाजूला गेले याचा कानाला लागलेला पत्ता आहे. एका ठिकाणी तर मराठी लेखनानेही हा फरक नोंदवला आहे. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि दरीचे अनेकवचन ‘दऱ्या’ यांत र् आणि य् हेच ध्वनी त्याच क्रमाने येतात. पहिल्यात र् मागे जातो, दुसऱ्यात तो य् बरोबर पुढे राहतो, आणि त्यासाठी आपण रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र अशा दोन खुणा वापरतो. गुप्त बोलीत सिलेबल चालत असेल, तर ‘दर्या’चे ‘चयादर्’ आणि ‘दऱ्या’चे ‘चऱ्याद’ व्हायला हवे.

म्हणून मराठीत हा पुरावा गोळा करायचा असेल, तर एकेका शब्दाच्या उत्तराला किंमत देऊ नये. एकाच खेळाडूची ‘रस्ता’ आणि ‘तुझ्या’ या दोन्ही शब्दांची उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. त्यांतून तीन गोष्टी संभवतात. दोन्ही ठिकाणी जोडाक्षर अखंड पुढे राहिले, ‘चस्तार’ आणि ‘चझ्यातु’, तर तो खेळाडू लिपीवर खेळत आहे आणि त्याच्याकडून सिलेबलबद्दल काहीही कळत नाही. ‘चतारस्’ पण ‘चझ्यातु’ अशी उत्तरे आली, तर लिपीने सारख्या ठरवलेल्या दोन शब्दांना त्याने वेगळे वागवले आहे. ते वेगळेपण त्याला कोणत्याही अक्षराने दाखवलेले नाही, त्यामुळे हा खणखणीत पुरावा झाला. तिसरी शक्यता ही की दोन्ही ठिकाणी जोडाक्षर फुटले, ‘चतारस्’ आणि ‘चयातुझ्’. मग खेळाडू मधला प्रत्येक व्यंजनगट दोन्हीकडे वाटून टाकतो आणि ‘झ्या’ हा आरंभ मानत नाही. सिलेबलचे ज्ञान त्यातही दिसते, पण आरंभात काय बसू शकते याबद्दलचा त्याचा हिशेब वेगळा आहे.

यात बिघाड कुठे होतो, हेही सांगायला हवे. रोजच्या वापरातले शब्द गटात इतके घोळलेले असतात की त्यांची गुप्त रूपे पाठच झालेली असतात. तिथे नियम वापरलाच जात नाही, आठवण वापरली जाते. म्हणून त्या गटाने खेळात कधी न वापरलेले शब्द द्यावे लागतात. सावकाश विचार करून दिलेले उत्तर लिपीकडे झुकते, कारण थांबलेला साक्षर माणूस मनात शब्द लिहून पाहतो. वेगात आलेले उत्तर उच्चाराच्या जवळ असते. दोन उत्तरांत तफावत पडली, तर ती चूक म्हणून पुसू नये, तिचीही नोंद ठेवावी. ‘हे बरोबर आहे का?’ असा प्रश्न मधेच विचारला की खेळाडू शाळेतल्या व्याकरणाकडे वळतो आणि पुढची सगळी उत्तरे बदलतात. सर्वांत मोलाचे खेळाडू म्हणजे बोलीत तरबेज असलेली पण अजून वाचू न लागलेली मुले. ती मिळणे कठीण असते, कारण हे खेळ ज्या वयात रंगतात त्याच वयात अक्षरओळखही पक्की होते.

इथपर्यंत मी सिलेबलबद्दल ठामपणे बोललो. सिलेबलच्या आत, आरंभ आणि उर्वरित भाग यांच्यामधल्या सांध्याबद्दल तेवढ्याच ठामपणे बोलता येईल का? चिनी भाषेतील गुप्त बोली या बाबतीत सर्वांत बोलक्या आहेत. युआन रेन चाओ यांनी १९३१ साली अशा आठ बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका प्रकारात एका सिलेबलचे दोन होतात. मूळ आरंभाला नवा ‘आय’ जोडायचा आणि मूळ उर्वरित भागाआधी नवा ‘क’ लावायचा, म्हणजे ‘मा’चे ‘माय का’ होते. कात्री बरोबर आरंभ आणि उर्वरित भाग यांच्या मध्ये चालते. रोमन पिनयिन आले ते १९५८ साली, म्हणजे चाओ यांच्या नोंदींनंतर सत्तावीस वर्षांनी. याउलट त्या देशाच्या विद्वत्परंपरेत अनोळखी चिन्हाचा उच्चार सांगण्यासाठी एका शब्दाचा आरंभ आणि दुसऱ्याचा उर्वरित भाग घेण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली होती, आणि १९१८ साली सरकारने स्वीकारलेली उच्चारचिन्हेही सिलेबल साधारण याच सांध्यावर तोडत. म्हणून खेळ लिखित परंपरेपासून पूर्णपणे मुक्त होता, असे मी म्हणणार नाही.

मग हाच समाज, हीच भाषा, आणि १९८६ च्या प्रयोगात मात्र पिनयिन न शिकलेल्या प्रौढांना आरंभीचे व्यंजन काढता येत नाही. हा विरोध मिटवण्यासाठी दोहोंपैकी एक पुरावा खोटा ठरवण्याची गरज मला वाटत नाही. खेळणारे आणि प्रयोगात भाग घेणारे लोक वेगळे होते, ही गोष्ट आहेच. त्याहून महत्त्वाचे हे की दोघांना दिलेली कामे वेगळी होती. प्रयोगात माणसाला एखादा ध्वनी सुटा काढून दाखवायचा असतो, म्हणजे त्याच्याकडे वस्तूसारखे पाहावे लागते. खेळात त्याला एक सिलेबल ऐकून दुसरे दोन पूर्ण, बोलण्याजोगे सिलेबल तयार करायचे असतात. सुटे व्यंजन कुठेच उरत नाही. वापरता येणे आणि दाखवता येणे या दोन क्षमता आहेत, आणि साक्षरतेने प्रामुख्याने दुसरी वाढते, असे हे निष्कर्ष एकत्र वाचल्यावर मला वाटते. ज्ञान म्हणजे फक्त जे विचारल्यावर सांगता येते ते, अशी व्याख्या धरली, तर निरक्षर भाषकाला आपल्या भाषेतले फारच थोडे माहीत आहे असे म्हणावे लागेल. ती व्याख्या मला मान्य नाही, कारण तोच भाषक अस्खलित बोलताना प्रत्येक वाक्यात ते ज्ञान अचूक वापरत असतो.

तरीही आरंभाच्या कडा सिलेबलच्या कडांइतक्या स्पष्ट नाहीत, हे पिग लॅटिननेच दाखवले आहे. ‘क्वीन’चे सामान्यतः ‘ईनक्वे’ होते, क् आणि व् एकत्र जातात. पण ‘क्यूट’ला काही जण ‘ऊटक्ये’ म्हणतात आणि काही जण ‘यूटके’, म्हणजे य् हा आरंभातला आहे की स्वराला चिकटलेला आहे यावर खेळाडूंत एकमत नाही. जेसिका बार्लो यांनी २००१ साली अशा व्यक्तिगत फरकांवरच लेख लिहिला. त्या फरकांमुळे हा पुरावा निकामी होतो, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘क्यूट’ला ‘टक्यूए’ किंवा ‘उटकीय’ म्हणून कोणी फोडत नाही. मतभेद एका व्यंजनाच्या जागेवर आहे, तोही तिथेच जिथे तो ध्वनी व्यंजन आणि स्वर यांच्या सीमेवर उभा आहे. मराठीतल्या ‘तुझ्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही सीमेवरचा ध्वनी हाच य् आहे. तिथे वाचू न लागलेल्या मुलांची उत्तरे कशी विभागतात हे गोळा करून पाहिले, तर मराठीच्या आरंभात कोणते गट पक्के बसतात आणि कोणते डळमळीत आहेत, हे वर्णमालेच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल.